पाणी वाढूनही कूर्चा मऊ का पडते?

प्रश्न: कूर्चेतल्या ग्लायकोसामिनोग्लायकॅनवर ऋणभार असतो, म्हणून ते पाणी धरून ठेवतात आणि त्यामुळे कूर्चा दाब सहन करते, असं आम्हाला शिकवलं. पण झिजलेल्या सांध्यात हे रेणू कमी होतात आणि तरी कूर्चेतलं पाणी वाढतं, असंही त्याच पुस्तकात लिहिलंय. पाणी वाढलं तर कूर्चा जास्त टणक व्हायला हवी ना? आणि मुळात भार पाण्याला धरतो म्हणजे नक्की काय करतो?

उत्तर:

तुम्ही बरोबर जागी अडखळला आहात. पुस्तकातली दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त पहिलं अर्धवट आहे. वजन पेलतो तो पाण्याचा दाब. पाणी किती आहे यावरून तो कळत नाही. दाब तयार व्हायला दोघं लागतात: पाणी आत ओढणारा एक आणि ते पसरू न देणारा दुसरा. ऋणभार पहिलं काम करतो. दुसऱ्याकडे आपण नंतर येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी आहे.

आधी रेणू बघू. कूर्चेतला मुख्य प्रोटिओग्लायकॅन म्हणजे ॲग्रेकन. बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिनाचा कणा, आणि तिच्यातून चहूकडे निघालेले केस म्हणजे ग्लायकोसामिनोग्लायकॅनच्या साखळ्या (रोजच्या बोलण्यात आम्ही नुसतं ‘गॅग’ म्हणतो). यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभराच्या आसपास साखळ्या असतात, शिवाय केराटन सल्फेटच्या काही आखूड. कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची साखळी दोन शर्करांची जोडी पुन्हा पुन्हा जोडून बनते. जोडीतल्या एका शर्करेवर कार्बॉक्सिल गट असतो, दुसरीवर सल्फेट. शरीरातल्या आम्लतेला दोघंही आपला प्रोटॉन सोडून बसलेले असतात, म्हणजे एका जोडीमागे दोन ऋणभार. साखळीत साधारण चाळीस जोड्या धरा: साखळीमागे ऐंशी भार झाले, आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभर साखळ्यांचे मिळून एका ॲग्रेकनवर आठ हजारांच्या घरात. असे अनेक ॲग्रेकन हायल्युरोननच्या एकाच लांब धाग्याला टोकाशी अडकवलेले असतात. त्यामुळे एवढं मोठं लचांड कोलॅजेनच्या जाळीतून निसटू शकत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या ‘निसटू शकत नाही’वर उभ्या आहेत.

आता भार पाण्याला कसा धरतो? इथे एक समज इतका पसरलाय की आधी तो बाजूला काढतो. पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो, तो ऋणभाराला चिकटतो, म्हणून गॅग पाणी धरतात, असं बरेच जण सांगतात. भाराभोवती पाण्याचं आवरण असतं हे खरं, पण कूर्चेतल्या पाण्याच्या मानाने ते अगदी थोडं. बाकीचं पाणी मोकळं असतं. ते हिंडतं-फिरतं आणि दाबलं की बाहेरही जातं. त्याला आत ओढतात ते सोडियमचे आयन.

ऊतकाचा कुठलाही तुकडा एकंदरीत भाररहित असावा लागतो. गॅगवरचे ऋणभार जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब चुकता करायला तेवढेच धनभार, मुख्यतः सोडियम, आत थांबून राहतात. हे सोडियम कुणाला बांधलेले नसतात, पण बाहेरही जाऊ शकत नाहीत, कारण ते गेले तर मागे उघडा ऋणभार राहील. परिणामी आतल्या पाण्यात बाहेरच्यापेक्षा जास्त कण होतात. कण जास्त तिथे पाणी धावतं. हाच परासरण दाब, आणि आयनांच्या या वाटणीला डोनान समतोल म्हणतात.

आकडे घालून पाहिलं की हे पक्कं बसतं. बाहेरचा द्रव म्हणजे ०.१५ मोलर मीठ धरा. निरोगी कूर्चेच्या मधल्या थरात स्थिर ऋणभार ०.२ मोलर धरू. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यामागे सुमारे पाच ग्रॅम गॅग. नियम दोनच:

```
c₊ = c₋ + F
c₊ × c₋ = c₀²
```

c₊ आणि c₋ म्हणजे आतल्या धन आणि ऋण आयनांचं प्रमाण, F म्हणजे स्थिर भार, c₀ म्हणजे बाहेरच्या मिठाचं प्रमाण. सोडवलं की आत सोडियम ०.२८ आणि क्लोराइड ०.०८ मोलर येतं. आतले एकूण आयन ०.३६, बाहेरचे ०.३०. फरक फक्त ०.०६ मोलरचा. पण शरीराच्या तापमानाला एवढ्याशा फरकाचा दाब होतो सुमारे १५६ किलोपास्कल, म्हणजे दीड वातावरणाहून थोडा जास्त. (हा आदर्श द्रावणाचा हिशेब आहे. खऱ्या ऊतकात काही पाणी कोलॅजेनच्या तंतूंच्या आत असतं, जिथे गॅग शिरू शकत नाहीत, म्हणून तंतूंबाहेरची भाराची दाटी आणखी जास्त भरते. विचार करायला आपला हिशेब पुरेसा आहे.)

आयनांवरच सगळं चालतं याचा पुरावा मिठाच्या पाण्यात मिळतो. बाहेरचं मीठ १ मोलर करा आणि तेच गणित पुन्हा मांडा. दाब २६ किलोपास्कलवर येतो. गॅग तेच, भारही तितकेच, पण बाहेर एवढे आयन आहेत की आतला जादा वाटा नगण्य होतो. नुसतं पाणी चिकटण्याचा मामला असता तर मिठाने एवढा फरक पडला नसता. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं: हाडावरून तासून काढलेली कूर्चेची पातळ पट्टी साध्या सलाइनमध्ये सांध्याच्या पृष्ठभागाकडे वळते, सलाइन पातळ केलं की जास्त वळते आणि दाट मिठात टाकली की पुन्हा बरीच सरळ होते. वळायचं कारण असं की पृष्ठभागाच्या थरात गॅग कमी आणि कोलॅजेन दाट, तर खालच्या थरांत गॅग जास्त. खालचा भाग फुगू पाहतो, वरचा फुगत नाही. नवीन विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हीच पट्टी दाखवतो. त्यानंतर डोनानची समीकरणं त्याला परकी वाटत नाहीत.

आता दाबून पाहू. कूर्चेतलं एक पंचमांश पाणी बाहेर गेलं असं समजा. पाणी आकारमानाच्या पाऊणपट असतं, म्हणून जाडीत हा फरक साधारण पंधरा टक्क्यांचा. गॅग आतच राहिले, पाणी कमी झालं, म्हणून भाराची दाटी ०.२ वरून ०.२५ मोलर झाली. दाब १५६ वरून २३३ किलोपास्कल होतो. भार पंचवीस टक्क्यांनी दाटला आणि दाब जवळजवळ दीडपट झाला. जितकं दाबाल तितकं पुढचं दाबणं अवघड, आणि वरचं वजन उठलं की हाच दाब पाणी परत आत ओढतो. शिवाय शेजारशेजारच्या साखळ्या दोन-चार नॅनोमीटरवर असतात. त्या जवळ आल्या की त्यांच्यातलं अपाकर्षण वाढतं, असंही कुणी सांगेल. तेही बरोबर आहे, पण हे त्याच घटनेचं जवळून केलेलं वर्णन आहे. डोनानच्या दाबात ते वेगळं मिळवू नका. ही दुहेरी मोजणी मी छापील निबंधांतही पाहिली आहे.

एक शंका इथे यायलाच हवी. चालताना गुडघ्यात किंवा खुब्यात कूर्चेवर काही मेगापास्कल दाब येतो. आपला परासरण दाब तर मेगापास्कलचा पाचवा हिस्सा. मग हिशेब लागतो कसा? परासरण दाबावर एकट्यावर हा भार पडतच नाही, म्हणून लागतो. पाऊल पडतं त्या क्षणी आतल्या पाण्याला बाहेर पळायला वेळच मिळत नाही. ते अडकतं आणि त्याचाच दाब चढून भाराचा बहुतांश हिस्सा पेलतो. पाणी इतकं अडतं कारण त्याला गॅगच्या दाट झाडीतून वाट काढावी लागते. साखळ्यांमधल्या फटी काही नॅनोमीटरच्याच असतात. दोन मिलिमीटर जाडीच्या कूर्चेतून पाणी निथळून समतोल यायला किती वेळ लागेल, याचा अंदाज जाडीचा वर्ग भागिले ताठरता आणि पारगम्यता यांचा गुणाकार असा काढतात. नेहमीचे आकडे घातले की उत्तर दोन तासांच्या आसपास येतं. पाऊल मात्र अर्ध्या-पाऊण सेकंदात उचललं जातं. म्हणजे गॅगची कामं दोन. क्षणभराच्या वजनाला ते पाण्याची वाट अडवतात. तासन्‌तासाच्या भाराला परासरण दाबाने झुंजतात, आणि विश्रांती मिळाली की गेलेलं पाणी परत आणतात. दाब सहन करण्याचं सगळं श्रेय थेट भारांच्या अपाकर्षणाला देणारं वाक्य वाचलं की मला खटकतं ते यामुळेच.

आता दुसऱ्या गड्याकडे येऊ. मोकळ्या पाण्यात सोडलं तर ॲग्रेकन जेवढी जागा व्यापेल, त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात कूर्चेत त्याला कोंबलेलं असतं. तिथे त्याला धरून ठेवते टाइप दोन कोलॅजेनची जाळी. तुम्ही निवांत पडून असलात, सांध्यावर काहीही भार नसला, तरी आतला १५६ किलोपास्कलचा रेटा चालूच असतो आणि जाळी तेवढ्याच ताणाने त्याला आवरते. ॲलिस मारूदास यांनी १९७६ साली हा समतोल नीट मांडला: फुगण्याचा दाब एका बाजूला, जाळीचा ताण आणि बाहेरचा भार मिळून दुसऱ्या बाजूला. बाहेरून भार आला आणि कूर्चा दबली की जाळीवरचा ताण त्या दिशेने उतरतो आणि आतल्या दाबाचा मोठा हिस्सा भाराला तोंड द्यायला मोकळा होतो. कोलॅजेनचे तंतू दाबाला थेट फारसे उपयोगी नसतात. दोरीला ढकलून काय होणार? ते ताण घेतात, आणि त्यांनी ताण घेतला म्हणूनच पाण्यात दाब साठतो.

आता तुमचा झिजलेला सांधा. सायकलच्या टायरचे दोरे एका जागी तुटले की तिथे फुगवटा येतो. जागा वाढते आणि टायर मऊ लागतो. कूर्चेत जाळी सैल पडली की तसंच होतं, फरक इतकाच की ट्यूबमध्ये बाहेरून हवा येत नाही आणि कूर्चेत बाहेरून पाणी येतं. आवरणारा ढिला पडल्यावर गॅग पसरतात, पाणी आत घेतात, आणि पाणी घेताना स्वतःच विरळ होतात.

आकड्यात बघा. समजा जाळी ढिली होऊन आतलं पाणी दहा टक्क्यांनी वाढलं, आणि विकरांनी तीस टक्के गॅग तोडून नेले. आधी भार ०.२ मोलर होता. उरलेला ०.१४, तो ११० टक्के पाण्यात पसरला म्हणजे ०.१२७ मोलर. डोनानचा दाब येतो ६७ किलोपास्कल. वजन करून पाहिलंत तर पाण्याचं प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांवरून सत्त्याहत्तरच्या जवळ गेलेलं दिसेल, आणि फुगण्याचा दाब मात्र निम्म्याहून खाली. तुमच्या पुस्तकातली दोन्ही वाक्यं इथे एकत्र नांदतात. पुढचं गणित तर जास्त बोलकं आहे. या कूर्चेला पूर्वीचे १५६ किलोपास्कल गाठायचे असतील तर भार पुन्हा ०.२ पर्यंत दाटायला हवा, म्हणजे आतलं छत्तीस टक्के पाणी आधी बाहेर जायला हवं. निरोगी कूर्चा जो दाब काहीही न दबता बाळगून असते, तो मिळवायला हिला एवढं चेपावं लागतं. मऊ पडणं ते हेच. त्यात गॅग विरळ झाल्याने पाण्याच्या वाटाही रुंद होतात, ते लवकर निसटतं, आणि क्षणभराच्या भाराला मिळणारं संरक्षणही घटतं. एका घावात दोन्ही कामं बिघडतात.

गॅग तुटतात कसे हेही थोडक्यात सांगतो. ॲग्रेकनेज गटातली विकरं, मुख्यतः एडॅमटीएस-४ आणि ५, ब्रशचे केस तोडत बसत नाहीत. ती कणा अशा जागी कापतात, जिथून हायल्युरोननला धरणारं टोक एकीकडे राहतं आणि साखळ्यांनी लगडलेला सगळा भाग दुसरीकडे सुटतो. खुंटीच गेली की उरलेला ब्रश हळूहळू वाहून जातो. एका कापाला हजारो भार गमावले.

हे नमुन्यात ओळखायचं कसं? माझ्या हातात एकच साधन दिलंत तर मी अचूक तराजू घेईन. कूर्चेचा तुकडा नेहमीच्या सलाइनमध्ये तोला, मग बरंच पातळ केलेल्या सलाइनमध्ये समतोल येऊ द्या आणि पुन्हा तोला. बाहेरचं मीठ दहापट कमी केलं की आपल्या ०.२ मोलरच्या कूर्चेतला दाब १५६ वरून साडेचारशेच्या जवळ जातो. एवढा रेटा वाढूनही निरोगी तुकड्याचं वजन जेमतेम हलतं, कारण जाळी घट्ट असते. जाळी ढिली असेल तर तुकडा ठळकपणे फुगतो. गॅग किती हे या चाचणीत कळत नाही, पण आवरणारा शाबूत आहे की नाही ते कळतं. गॅगसाठी सॅफ्रॅनिन-ओ सारखा धनभारित रंग वापरतात. तो ऋणभारांवर बसतो आणि छेद लाल होतो.

या रंगाने मला एकदा चांगलंच फसवलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत गुरांच्या गुडघ्यातले काही गोल तुकडे मी दोन रात्री बफरमध्ये ठेवले आणि विकररोधक घालायला विसरलो. छेदात कडेकडेने रंग फिका आला. मी उत्साहाने वहीत ‘गॅगचा ऱ्हास’ असं लिहूनही टाकलं. वरिष्ठांनी स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, “फिकेपणा सांध्याच्या पृष्ठभागापासून खाली जातोय, की जिथे तू कापलंस तिथून आत येतोय?” तो चारही बाजूंनी आत येत होता. कापलेल्या कडेतून ॲग्रेकनचे तुकडे बफरमध्ये झिरपून गेले होते. रोग तिथे नव्हताच. आम्लात हाड विरघळवून बनवलेल्या छेदांतही असा फिकेपणा येऊ शकतो. तेव्हापासून तुकडा ठेवलेला बफर मी फेकत नाही. त्यात डायमिथिलमिथिलीन ब्लू टाकलं की निळ्याचा जांभळा होतो आणि किती गॅग बाहेर गेले ते मोजता येतं.

जिवंत माणसात कूर्चा कापून पाहता येत नाही. तिथे एमआरआयवाले डोनानचाच उलटा उपयोग करतात. गॅडोलिनियमचा दोन ऋणभार असलेला संयुग-रेणू शिरेतून देतात आणि तो कूर्चेत किती शिरला ते बघतात. आपल्या निरोगी उदाहरणात बाहेरच्या मानाने तो साधारण २९ टक्केच आत जाईल. भार निम्मा, म्हणजे ०.१ मोलर झाला तर ५२ टक्के. ऋणभार जिथे हरवलाय तिथे हा ऋणभारित रेणू घुसतो. नुसतं पाणी दाखवणाऱ्या चित्रावरून हे कळणार नाही. पाणी वाढलेलं दिसेल आणि तुम्ही पुन्हा आपल्या मूळ कोड्यापाशी याल.

शेवटी एक जुना प्रयोग, कारण त्यात हे दोन गडी वेगवेगळे दिसतात. १९५६ साली ल्युइस थॉमस यांनी सशांना शिरेतून पपेन टोचलं. हे पपईतलं प्रथिनं तोडणारं विकर. काही तासांत सशांचे ताठ कान लोळागोळा होऊन पडले. पपेनने कानाच्या कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकॅनचा कणा तोडला होता, गॅग वाहून गेले, आतला रेटा संपला. कोलॅजेनची जाळी मात्र जागेवर होती. तीन-चार दिवसांत पेशींनी नवे प्रोटिओग्लायकॅन बनवून त्याच जाळीत भरले आणि कान पुन्हा उभे राहिले. झिजलेल्या गुडघ्यातल्या पेशीही सुरुवातीला जोमाने ॲग्रेकन बनवतात. पण तिथे ते कोंबून ठेवायला घट्ट जाळी उरलेली नसते, आणि प्रौढ माणसात ती जाळी जवळपास नव्याने विणलीच जात नाही.